पालकाची भाषा

"पालक तू हो. तुझी भाषा आयतीच हाय की," बाई मुद्दाम आमच्यासारखं बोलल्या. सगळा वर्ग हसला.

कोल्हापूर. बी.एड.चं वर्ष. सत्तरच्या दशकातले दिवस. फळ्यावर विषय होता, 'फक्त गुणांना महत्त्व देणारा पालक आणि शिक्षक : संवाद'. नमुना बाईंनीच लिहिलेला. त्यातला शिक्षक शुद्ध बोलणारा, पालक अडाणी. माझं वाक्य होतं, "मास्तर, मला बाकीचं कळत न्हाय. मार्कं किती पडली तेवढं सांगा."

मी उभी राहिले. वाचवेना.

माझा बाप, आबा, गूळ बाजारात हमाल. त्यानं मला मार्क कधी विचारलेच नाहीत. कामावरून आला की पाय धुता धुता म्हणायचा, "आज काय नवीन शिकलीस? सांग की मलाबी."

मार्क विचारणारा बाप मी पाहिला होता. पंधराच दिवसांपूर्वी, सराव पाठाच्या शाळेत. वकील होते. मुलगी पाचवीत. गणितात पन्नासपैकी एकतीस. मी पेपर त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, "रीत बरोबर आहे, बघा. हातचाही धरलाय. बरोबर उत्तर लिहून तिनंच खोडलंय, कागद फाटेपर्यंत. येतं तिला. भीती वाटते. घरी रोज एकच गणित तिला तुम्हाला समजावून सांगू दे. चुकली तर मध्ये बोलू नका. आठवड्यानं परत भेटू."

त्यांनी पेपर पालथा घातला. "पहिल्या नंबराला किती?"

"दुसऱ्या मुलांशी नको. तिच्याच मागच्या चाचणीशी ताडून बघू."

"तुम्ही लोक मार्कांशिवाय वर येता. तुम्हाला त्यांची किंमत काय कळणार?"

मुलगी शेजारीच उभी होती. सगळं ऐकत. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. हजेरीला नुसता हात वर. मी आणखी आठवडाभर त्या शाळेत होते. रोज तो हात. अजूनही कुठल्याही वर्गात हजेरी घेताना तो मला दिसतो.

मी बाईंचा कागद टेबलावर ठेवला. "बाई, हा पालक असा बोलत नाही."

आणि वकिलांची वाक्यं म्हटली. जशीच्या तशी. त्यांच्या शुद्ध भाषेत. शेवटचं वाक्यसुद्धा.

कुणी हसलं नाही.

बाई म्हणाल्या, "नमुन्याप्रमाणे लिहून आण. अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत."

"न्हाय आणणार," मी म्हणाले.

गुण कापले. कापू देत. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या पोरीसमोर मी गप्प बसले, ते मात्र माझं आहे. ते कुणावर ढकलता येत नाही.

आता कुणी मुलासमोर त्याला मार्कांनी तोलायला लागलं, की मी आधी मुलाला खेळायला पाठवते. मग दार लावते आणि बोलते. समोर कोण बसलंय, बघत नाही.