माफीपत्रावरचा गोल शिक्का

मी नऊ वर्षांची असताना शाळेत पत्रक वाटलं. वहीची बारा पानं फाडून प्रत्येकावर एकच मजकूर लिहिला होता: मुलींच्या संडासाला दिवसभर कुलूप का? किल्ली फक्त जेवणाच्या सुट्टीत का मिळते? मजकूर आजही मला बरोबर वाटतो.

हेडमिस्ट्रेसना तो बरोबर वाटला नाही. त्यांनी मला समोर बसवून माफीपत्र सांगितलं, मी लिहिलं. "माझी चूक झाली, पुन्हा करणार नाही." खाली पालकाची सही हवी होती. सही येईपर्यंत वर्गाबाहेरच्या बाकावर बसायचं आणि परीक्षेच्या आधी कागद आला नाही तर पेपर द्यायचा नाही.

"अण्णांची सही आणते," मी म्हटलं.

"अम्माची आण. उद्याच."

"मॅडम, आमच्या घरी सह्या अण्णाच करतात."

हे खोटं होतं. आईने सही केली असती, वर दोन धपाटेही दिले असते. अण्णा, म्हणजे माझे वडील, होसकोटेच्या कारखान्यातल्या संपानंतर कच्चे कैदी म्हणून तुरुंगात होते. हे मॅडमना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना नीट नाही म्हणता येईना. "सरी," त्या कानडीत 'बरं' म्हणाल्या.

आमच्या जे. पी. नगरच्या घरापासून तुरुंग दोन बसच्या अंतरावर होता. पत्राला मात्र एकोणीस दिवस लागले. आंतर्देशीय पत्रात दुसरा कागद घालता येत नाही, म्हणून मी पाकीट घेतलं आणि आत माफीपत्र आणि परतीच्या टपालाचं तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घातलं. तिथे येणारं प्रत्येक पत्र आधी फोडून वाचतात. मराठी वाचणारा वॉर्डर एकच, बेळगावकडचा, आणि तो रजेवर. तो परत येईपर्यंत माझी क्रांती त्याच्या टेबलावर पडून होती. मग अण्णांचं उत्तर. ते उघड्या पाकिटातच द्यायचं, त्यानेच वाचायचं, रजिस्टरात नोंदवायचं आणि तपासल्याचा शिक्का मारून टपालात टाकायचं.

बाकावरून मी रोज मॅडमना बातमी द्यायचे. "मॅडम, पत्र अजून सेन्सॉरला आहे."

"बाकीच्या मुलींसमोर तो शब्द नको गं!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी पाकीट आलं. आईच्या हातात पडण्याआधी मी ते पोस्टमनकडून जिन्यातच घेतलं.

"चिमणे," अण्णांनी लिहिलं होतं, "तुझं पत्र माझ्याआधी दुसऱ्याने वाचलं. तो हसला असं ऐकतो, म्हणजे मजकूर चांगला आहे. हे तुला मिळेल तेव्हा भांडण कदाचित संपलेलं असेल. म्हणून काय कर ते सांगत नाही, मला काय वाटतं तेवढं सांगतो. या कागदात चूक झाली असं आहे, पण कोणती ते नाही. तेवढं मॅडमना विचार. सही मात्र करतोय, कारण तू पेपर द्यायला हवास. आपल्या घरातलं एक माणूस आत असलेलं पुरे, दुसरं वर्गाबाहेर नको. आमच्या पहिल्या पत्रकाची गंमत अशी की"

पुढच्या दीड ओळीवर काळी शाई होती. त्याखाली, "म्हणून घाबरू नकोस."

मी ते पत्र जिन्यात बसून चार वेळा वाचलं. काळी शाई उजेडाकडे धरूनही पाहिली.

मग माफीपत्र उघडलं. कैद्याची सही नुसती चालत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, जेलरसमोर सही होते आणि जेलर ती खरी असल्याचं लिहून देतो. माझ्या माफीखाली अण्णांची सही होती, शेजारी त्यांचा कच्चा कैदी क्रमांक, त्याखाली जेलरची सही आणि वर तुरुंगाचा जांभळा, गोल, दणदणीत शिक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"अय्यो! हे काय?"

"सही, मॅडम. सरकारने तपासलेली. फाईलला लावा."

"हे आमच्या फाईलमध्ये? उद्या तपासणीला कोणी आलं तर?"

"मग आईची आणू? पण अण्णांनी विचारलंय, चूक नेमकी कोणती झाली? तेवढं वर लिहून दिलंत तर नवा कागद करते."

मॅडमनी कागद घडी घालून माझ्या दप्तरात खुपसला. "काही नको. परीक्षेला बस. कोणाला दाखवू नकोस."

"म्हणजे माफी झाली की नाही, मॅडम? अण्णांना कळवायचंय."

"जा गं बाई वर्गात!"

पेपर चांगला गेला. त्या दुपारी मी अण्णांना लिहिलं: "शाळेने माफी घेतली नाही. कुलूप तसंच आहे, म्हणून दुसरं पत्रक काढतेय. मथळा तुम्हाला विचारणार होते, पण तुमचं उत्तर येईपर्यंत एकोणीस दिवस मुलींनी थांबायचं कसं? मीच घातला."