सहा टोपणं

मुंजाजी कंडक्टरांनी तीस वर्षं एसटीत घंटी ओढली आणि गावांची नावं पुकारली. त्यांनी "राणीसावरगाव" म्हटलं की झोपलेली माणसंसुद्धा डोळे न उघडता उतरायची. रिटायर झाल्यावर घरात पुकारायला फक्त बायको उरली, आणि ती काही प्रत्येक थांब्यावर उतरणारी नव्हती. म्हणून पालमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर त्यांची वर्णी लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद घरच्यांना झाला.

काम सोपं दिसायचं. दर मंगळवारी कृषी सल्ला केंद्राकडून पीक सल्ल्याच्या स्लाईड यायच्या. कधी पंचवीस, कधी तीस. त्यातलं निवडून एकेका मिनिटाच्या चार सूचना लिहायच्या आणि बुधवारी सकाळी साडेसहाच्या कार्यक्रमासाठी रेकॉर्ड करायच्या. केंद्र चालवणारी प्रियांका शेतीची पदवी घेतलेली होती, पण तिच्या तोंडी 'आर्थिक नुकसान पातळी' असे शब्द यायचे. मुंजाजी ते ऐकून म्हणायचे, "बाई, या शब्दाला सीट मिळायची न्हाई. उभ्यानं जाऊ दे." मग ते वाक्य मोडून शेताच्या बोलीत बसवायचे. लोकांना ते आवडायचं. सोयाबीन पिवळं पडलं की माणसं डॉक्टरला दाखवावं तसं मुंजाजींना फोन करून विचारायची.

त्या मंगळवारी सव्वीस स्लाईड आल्या. खोडमाशी आणि अळी, दोन्ही वाढलेल्या. पंधराव्या स्लाईडवर लिहिलं होतं: दहा लिटर पाण्यात वीस मिलि औषध. मुंजाजींनी डोकं खाजवलं. गावात कुणाच्या पाठीवरचा पंप दहा लिटरचा असतो? तो पंधराचा. म्हणजे तीस मिलि. आणि मिलि कोण मोजतंय? माणसं मोजतात ती टोपणानं. त्यांनी घरातली फवारणीच्या औषधाची शंभर मिलिची बाटली काढली, खोकल्याच्या औषधाच्या मापानं तिच्या टोपणात पाणी ओतलं. पाच मिलि बरोबर. सहा टोपणं झाली तीस. हिशेब चोख होता.

एकोणिसावी स्लाईड नुसतं चित्र होती. बाटलीचं टोपण, त्यावर लाल फुली, शेजारी रेघांचा मापाचा पेला. खाली एक अक्षर नव्हतं. मुंजाजींनी ती क्षणभर पाहिली. चित्र रेडिओवर कसं सांगायचं? ते पुढं सरकले. प्रियांका त्या दिवशी परभणीला बैठकीला गेली होती. तिनं रात्री मजकूर फोनवर चाळला, 'सहा टोपणं' वाचून तिला काय वाटलं ते सांगायच्या आधीच झोप लागली असावी. उत्तर आलं ते नुसतं अंगठ्याचं.

बुधवारी साडेसहाला मुंजाजींचा आवाज तालुकाभर गेला: "पंधरा लिटरच्या पंपाला सहा टोपणं, मोजून सहा. जास्त न्हाई, कमी न्हाई." चहा पिताना त्यांना स्वतःचा आवाज बरा वाटला.

नऊच्या सुमाराला ते दत्तरावांच्या कृषी दुकानात गेले. उन्हाला जोर नव्हता, वाराही नव्हता. आभाळ नुसतं खाली आलं होतं, आणि गावाबाहेरून फवारणीच्या पंपांची घरघर एकसारखी येत होती. रोज ती कानाला सवयीची. आज ती थांबत नव्हती.

दत्तराव खुशीत होते. "कंडक्टर सायेब, तुमच्या रेडिओनं सकाळपासून लय गिऱ्हाईक पाठवलं. लहान बाटल्या कालच संपल्या. सगळी लिटरचीच नेऊ लागलीत, दोघा-तिघांत वाटून."

मुंजाजींनी काउंटरवरची लिटरची बाटली सहज उचलली. टोपण फिरवलं. ते त्यांच्या अंगठ्यावर टोपीसारखं बसलं, आणि ढिलं पडलं.

त्यांनी दत्तरावांकडून मापाचा पेला मागितला, टोपण पाण्यानं भरून त्यात ओतलं. पाणी वीसच्या रेघेला लागलं. सहा टोपणं म्हणजे एकशे वीस. चौपट औषध. दत्तराव काहीतरी विचारत होते, ते मुंजाजींना ऐकू येत नव्हतं. डोळ्यांपुढं फक्त ती लाल फुली होती, आणि आता तिचा अर्थ वाचायला अक्षरांची गरज नव्हती.

त्यांनी प्रियांकाला फोन लावला. गाणी चालू होती, तिनं ती तिथंच तोडली आणि फोन सरळ प्रसारणाला जोडला. मुंजाजी बोलले, "मी मुंजाजी. सकाळी माझं चुकलं. टोपणानं औषध मोजू नका. भरलेला पंप मारू नका, पाठीवरून खाली ठेवा." तिनं तेच दर पाच मिनिटांनी लावायला घेतलं. पण मुंजाजींना ठाऊक होतं की साडेसहाचा कार्यक्रम संपला की माणसं सेल वाचवायला रेडिओ बंद करतात. ही सवय त्यांनीच प्रियांकाला कौतुकानं सांगितली होती.

आणि त्यांच्या बहिणीचे यजमान बजरंग तर तसे पक्केच. ते रेडिओ बांधावरच्या बाभळीला टांगायचे, कार्यक्रम ऐकायचे, आणि बंद करून पंप उचलायचे.

राणीसावरगावला बहिणीनं, पार्वतीबाईंनी, फोन घेतला. दाजी सातलाच गेले, मोबाईल घरीच चार्जिंगला लावलेला, लिटरची बाटली शेजाऱ्यासोबत वाटून घेतलेली. त्या पुढं म्हणाल्या, "ते म्हनले, मुंजानं सांगितलंय, सहा टोपणं. काय झालं रं?"

"आक्का, पळत जा. पंप काढायला लाव. सदरा काढ, साबणानं अंग धुव. मी आलोच."

दत्तरावांच्या मुलाची मोटारसायकल मागितली आणि निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन, आणि त्यात कमरेपर्यंत बुडालेली माणसं. खिशात एसटीची जुनी शिट्टी होती, ती कधी काढून ठेवली नव्हती. ज्या शेतातून घरघर ऐकू आली तिथं थांबून ते शिट्टी मारत, हात हलवत, ओरडत. काहींनी पंप उतरवला. काही नुसते हसले. कंडक्टर आज बांधावर गाडी थांबवायलाय म्हणाले. एका शेतात घरघर ऐकू येत होती, माणूस दिसत नव्हता. मुंजाजी पिकात शिरले. पंप उभा होता, माणूस शेजारी पाणी पीत बसला होता. तो ठीक होता. बाटली मात्र लिटरचीच होती.

बजरंग बाभळीखाली बसलेले सापडले. पार्वतीबाई त्यांच्या पाठीवर पाणी ओतत होत्या. ओला सदरा बाजूला पडलेला, तोंडातून लाळ, घाम निथळत होता. ओकारी झालेली होती. "दाजी," मुंजाजी म्हणाले. बजरंगांनी मान वर केली, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या त्यांना दिसल्या.

"तू सांगितलं तसंच केलं," बजरंग म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. मुंजाजींना ती असती तर बरं वाटलं असतं.

गंगाखेडच्या दवाखान्यात मुंजाजींनी पहिलं काम केलं ते बाटली डॉक्टरच्या हातात देण्याचं. डॉक्टरांनी लेबल वाचलं, सलाईन आणि इंजेक्शनं सुरू केली. वेळेत आणलं म्हणाले, रात्रभर लक्ष ठेवावं लागेल. संध्याकाळी बजरंगांनी पाणी मागितलं. पार्वतीबाई तेव्हा रडल्या.

त्याच संध्याकाळी साडेसहाला कोपऱ्यातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर मुंजाजींचा आवाज आला, सकाळच्याच सुरात, सकाळच्याच भारदस्तपणानं, पण दुपारी दवाखान्यातून फोनवर रेकॉर्ड करून दिलेला नवा मजकूर: टोपण न्हाई, मापाचा पेला, पंधरा लिटरला तीस मिलि. आवाज ऐकून त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात दरवाजात गलका झाला. दोघांनी एका माणसाला उचलून आणलं होतं. पायाला चिखल, सदरा भिजलेला. मागं एक बाई, तिच्या हातात लिटरची बाटली, टोपण उघडंच.

मुंजाजी उठले. तीस वर्षं त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, आणि तोच तोंडात आला. फक्त या वेळी उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

"कुठलं गाव?"

बाईनं गावाचं नाव सांगितलं. तिच्यामागं बाहेर आणखी एक जीप थांबत होती.