सावधानरावांचा पास

बँकेत असताना ते आल्यागेल्याला ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बजावत. निवृत्तीनंतर ही सवय सोसायटीच्या डोक्यावर बसली. तेव्हापासून सगळे त्यांना सावधानराव म्हणू लागले. पाठीमागे म्हणत, पण त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मोठ्या बहिणीचे, ताईचे, गुडघे गेलेले. रांगेत उभं राहणं जमत नाही, म्हणून खास दर्शनाचा पास काढून दे, एवढंच तिने मागितलं. सावधानराव ऐटीत म्हणाले, त्यात काय, चुटकीसरशी काढतो. देवस्थानच्या साइटवर मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, पण तारीख निवडली तर सगळे स्लॉट भरलेले. आता ताईला नाही कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांनी गुगलवर शोधलं. सगळ्यात वर आलेल्या साइटवर त्याच दिवसाचे पास हवे तेवढे होते. नावाखाली बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असं लिहिलेलं त्यांनी पाहिलं होतं. पैसे देवस्थानच्या नव्हे, कुण्या माणसाच्या खात्यात जात होते, तेही पाहिलं होतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यांनी त्याची बिनपाण्याने केली असती. स्वतःला मात्र त्यांनी समजावलं, एजंट असेल एखादा. आणि पैसे पाठवले.

दर्शनाच्या दिवशी मंदिराच्या प्रवेशद्वारावर पहारेकऱ्याने कोड स्कॅन केला. मशीनने लाल दिवा दाखवला. त्याने ओळखपत्रावरचं नाव यादीत शोधलं, तेही नव्हतं.

“हा पास आमचा नाही. पास फक्त आमच्याच साइटवर मिळतो, एजंट कुणीच नेमलेला नाही. कुणी काढला हा?”

मागे माणसं खोळंबली होती. त्यांत सोसायटीतलं एक जोडपंही होतं. सावधानरावांनी त्यांना ओळखलं.

“हिने काढला,” ते म्हणाले. “मला न विचारता.”

ताईने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. मग पहारेकऱ्याला म्हणाली, “हो, मीच. मला काय कळतंय त्यातलं.”

पहारेकऱ्याने सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा म्हणून सांगितलं आणि साध्या रांगेची वाट दाखवली. ती फुकट होती, पण लांबलचक. ताई कठड्याला धरून धरून सरकत होती. सावधानरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “ताई, माझं तू अंगावर का घेतलंस?”

“तू सांगून मोकळा झालास ना. चारचौघांत तुला खोटं कसं पाडू?”

गाभाऱ्यापाशी ताईने हात जोडले. सावधानराव शेजारीच होते, पण त्यांची मान काही वर झाली नाही.

बाहेर पायरीवर बसून गुडघे चोळत ताईने विचारलं, “तुला नीट दिसलं ना रे?”

“दिसलं,” ते म्हणाले. आज ते दुसऱ्यांदा खोटं बोलले.