डेल्टासाठी घातलेला वाद

"हा डेल्टा काढ," सर म्हणाले आणि माझ्या ड्रॉइंगमधल्या त्रिकोणात जोडलेल्या जादा वाइंडिंगवर लाल फुली मारून मोकळे झाले.

चितेगावच्या आमच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात सर डिझाइनचे प्रमुख. मला हे काम त्यांनीच शिकवलं. पण हा माझा पहिला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर होता, आणि दुसऱ्या दिवशी वाइंडिंग सुरू होणार होतं. माझं डोकंच फिरलं.

"अहो सर, हा पाच खांबांचा आहे!"

"मग? तीन खांबांचे स्टार-स्टार आपण डेल्टाशिवायच देतो. तांबं वाचतं."

कोअरचे, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्याचे, पाच खांब मी हौसेनं घेतले नव्हते. ट्रान्सफॉर्मर न्यायच्या वाटेत ठेंगणा पूल होता, आणि कडेला दोन खांब वाढवले की कोअरची उंची कमी होते. पण एकाच फेजवर लोड पडला की झिरो सिक्वेन्स फ्लक्स तयार होतो, म्हणजे तिन्ही खांबांत एकाच वेळी एकाच दिशेनं जाणारा चुंबकीय प्रवाह. तीन खांबांत त्याला लोखंडातून परतीची वाट नाही. तो तेलातून, टाकीच्या पत्र्यातून कसाबसा परततो, म्हणून जोर धरत नाही. पाच खांबांत कडेच्या दोघांतून त्याला मोकळं रान! मग न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेज जिथं जुळतात तो बिंदू, सरकतो, लोडच्या फेजचं व्होल्टेज बसतं, बाकीच्या दोघांचं चढतं. त्याला अडवतो तो डेल्टा.

"लई शिकवायला लागलीस गं मला!" सर हसले. "दाखव."

"दाखवते की!"

टेस्टिंगला टाकीत बसवलेले दोन छोटे नमुने होते, एक तीन खांबांचा, एक पाच. दोन्ही स्टार-स्टार, म्हणजे दोन्ही बाजूंना तिन्ही फेजची टोकं न्यूट्रलला जुळलेली; सप्लायकडचा न्यूट्रल मोकळा, आणि डेल्टा फक्त पाचवाल्याला. तीन खांबांच्या एका फेजवर बल्ब लावले. झक्क पेटले.

"बघ!" सर म्हणाले.

तेच बल्ब पाचवाल्याच्या एका फेजवर लावले. या नमुन्याच्या डेल्टाचा एक कोपरा मी मुद्दाम उघडा ठेवला होता. बल्बांच्या तारा नुसत्या लालसर झाल्या, बाकी दोन फेजचे मीटर सर्रकन वर गेले आणि कोअर घुमायला लागला. सरांचं हसू गेलं. पण अजून अर्धंच सिद्ध झालं होतं.

सप्लाय बंद केला, तांब्याच्या पट्टीनं कोपरा जोडला, परत चालू केला. लख्ख! मीटर जागेवर. मी अक्षरशः टाळ्या पिटल्या.

सरांनी सप्लाय बंद करून स्वतः पट्टी काढली. बल्ब मंद. पुन्हा लावली. लख्ख. तिसऱ्यांदाही तेच.

"सर, पटलं ना?"

"व्हय गं, कधीचंच पटलं. मजा येतीय, करू दे की!"

मग तिथूनच त्यांनी वाइंडिंगवाल्यांना फोन लावला. "डेल्टा ठेवायचा. आणि काही अडलं तर मला नाय, मॅडमला विचारा."

त्या कारखान्यात मला मॅडम म्हणणारे सर पहिले.