सेकंदाला दीडशे, दोन दुरुस्त्या धरून

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. शांतपणे सांगण्यासारखी ही गोष्टही नाही.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. नागपुरात वर्षभराचा ॲनिमेशनचा कोर्स करून मी पिपरी मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांत परत आले होते. पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर होता. बाबा वर्ध्याच्या एका छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवायचे. कॉम्प्युटर आले आणि छापखान्याचं ते खातं बंद पडलं. शेवटी जे पैसे हातात आले त्यातून बाबांनी मला कॉम्प्युटर घेऊन दिला. शेजारचे हसले, ज्यानं नोकरी खाल्ली तोच घरात आणला म्हणून. बाबा म्हणाले, "त्यानं माह्यं खाल्लं, आता तोच खाऊ घालन."

पहिलं काम मिळालं ते बाजारातल्या एका साडीवाल्याचं. सारा बाजार त्यांना शेठजी म्हणायचा. मी काकाजी म्हणायची, कारण त्यांची बिलबुकं आणि घरच्या लग्नपत्रिका बाबांच्या हातून गेलेल्या. लग्नसराईसाठी केबलवर जाहिरात हवी होती, तीस सेकंदांची. गादीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "सेकंदाचे किती घेशील वं?"

मी म्हटलं, "शंभर."

शंभरच का? तर म्हणायला बरे वाटतात. हाच माझा हिशोब! कागद नाही, ॲडव्हान्स नाही. भीड वाटली.

बाई कपाट उघडते, साड्या उडत बाहेर येतात, काठांची रांगोळी होते आणि रांगोळीत दुकानाचं नाव उमटतं, असं ठरलं. टीव्हीला एका सेकंदात पंचवीस चित्रं लागतात. एकच चित्र दोनदा वापरलं तरी साडेबारा काढावीच लागतात, म्हणजे तीस सेकंदांना पावणेचारशे. त्यात लोडशेडिंग. दोन तास वीज यायची, तेवढ्यात हात चालवायचा.

आणि मग बदल सुरू झाले. काकाजींच्या दुकानात रीत अशी की गिऱ्हाइकापुढे पन्नास साड्या उलगडायच्या, त्यानं एक घ्यायची, बाकीच्या नोकरानं घडी घालून ठेवायच्या. उलगडायचे पैसे कोणी मागतं का? त्यांना माझं कामही तसंच वाटलं. हिरवी साडी लाल कर, लाल नको आमसुली कर. बाईचा चेहरा आमच्या सुनेसारखा कर. तो झाला तर आठ दिवसांनी फोन, "घरी चाललं नाई बेटा, पहिलाच ठेव." प्रत्येक वेळी, "दाखव न वं, पाहाले काय लागते?" पाहायला काही लागत नाही हो, काढायला लागतं! अकरा वेळा बदललं मी. सव्वा महिना गेला.

शेवटी केबलवाल्यानं त्यांना सांगितलं की दहा सेकंदांची जागा स्वस्तात पडते. काकाजींनी मला वीस सेकंद कापायला लावले आणि मोजून हजार रुपये पुढे केले. "सेकंदाचे शंभर म्हणली होती न तू? दहाचे हजार."

मी ते घेतले. वर "येते काकाजी" असंही म्हणाले. सायकलवरून घरी येताना मला इतका संताप आला होता, आणि सगळा स्वतःवर.

माझा भाऊ देवळीला एका शाळेत क्लार्क होता. त्यानं पुलगावच्या एका सायबर कॅफेवाल्याशी बोलणं करून ठेवलं. "दिवाळीपर्यंत पाहू," तो म्हणाला. "नाई जमलं तं कॉम्प्युटर विकून टाकू. आमच्या शाळेत टायपिंगवालीची जागा निघून राह्यली. महिन्याचे महिन्याला पगार तरी येईल." दादा वाईट नव्हता. पण त्या दिवशी मला तो कॅफेवाल्याचाच भाऊ वाटला.

संध्याकाळी बाबांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून माझ्यापुढे उलटं टाकलं. "भीड म्हणजे भिकेची बहीण. लिही. महिन्याले तुले किती लागते?"

घराला चार हजार. वीज, सीड्या, बॅटरी, कॉम्प्युटरची झीज मिळून एक हजार. झाले पाच. कामाचे दिवस पंचवीस, पण दहा दिवस तर लोकांच्या दारात आणि घासाघिशीत जातात. राहिले पंधरा. दिवसाला माझ्या हातून तीन सेकंद होतात, म्हणजे महिन्याला पंचेचाळीस. पाच हजारांना पंचेचाळीसनं भागलं तर एकशेअकरा. म्हणजे शंभरात मी ते अकरा बदल न करताही बुडालेच होते! दोन वेळच्या दुरुस्तीचा वेळ वर धरला आणि दर आला सेकंदाला दीडशे. गोष्टीची चित्रं आधी पेन्सिलीनं काढून दाखवायची, त्याचे हजार वेगळे, कारण जाहिरात दहा सेकंदांची असो की साठांची, डोकं तेवढंच लागतं.

"आता बदलाचं काय करू?" मी विचारलं.

"छापखान्यात काय करत होतो आम्ही? प्रूफ पास," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकाले प्रूफ दाखवायचं, त्याची सही घ्यायची. मंग छापायचं. सही झाल्यावर खिळा आमचा उलटा लागला तं फुकटात काढून देत होतो. त्याले वाटलं का मामाचं नाव काकाच्या वर पाह्यजे, तं पैसे. आपली चूक आपल्या खिशातून, त्याची हौस त्याच्या खिशातून."

मी कागद केला. पास झालेल्या चित्रांमध्ये जितके सेकंद, तितक्यांचे पैसे, मग नंतर कापा की ठेवा. अर्धे आधी. दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे. पाहायला देईन त्या सीडीतल्या चित्रांवर माझा शिक्का आडवा असेल, पूर्ण पैसे आल्यावर बिनशिक्क्याची सीडी. मूळ फाइली माझ्याकडेच राहतील.

दिवाळीच्या महिनाभर आधी काकाजींनी नव्या जाहिरातीसाठी बोलावलं. मी कागद गादीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मग नोकरांकडे पाहून हसले. "पोट्टी वकील झाली काय वं? वर्ध्यात असे कागद कोणी देत नाई."

"मी देते, काकाजी."

"नागपूरवाला शंभरात करून देते."

"मंग द्या त्याले."

"रागावते काऊन? कापलेल्या सेकंदाचे पैसे कोणी देते काय?"

"तुम्ही पाच मीटर कापड फाडून दिलं आणि बाईनं घरी जाऊन दोनच मीटर शिवलं, तं तीन मीटरचे पैसे वापस करता काय?"

एक नोकर फिसकन हसला. काकाजींनी त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याचं घडी घालणं सुरू झालं. मी कागद उचलला आणि निघाले. पायरी उतरेपर्यंत ताठ होते. मग सायकलचं कुलूप काढताना कळलं. माय वं, काय करून बसले मी!

आठ दिवस फोन नाही. दादानं कॅफेवाल्याला दिवाळीच्या आधीच्या रविवारी यायला सांगून टाकलं. मी धूळ पुसायच्या निमित्तानं कॉम्प्युटरजवळच बसून असायची.

नवव्या दिवशी काकाजी स्वतः स्कूटरवर घरी आले. नागपूरवाला शंभरात तयार होता, पण पंचवीस हजारांच्या खालचं काम घेत नव्हता. "वीस सेकंद कर," ते म्हणाले. "दे तुहा कागद."

आणि गंमत पाहा, पैसे लागणार म्हटल्यावर माणूस पाहायला शिकला! दोन दिवसांनी चित्रं पाहायला घरी आले, तेव्हा साडीच्या काठात धागा सुटला का बघावा तशी त्यांनी एकेक पेन्सिलचित्र पाहिलं. दोन चित्रं तिथेच बदलून घेतली. खोडरबरानं ते पाच मिनिटांत झालं. त्यावर बाबांनी पेन पुढे केला. "करा सही, शेठजी. प्रूफ पास." काकाजींनी अर्धे पैसे दिले.

काम झालं. दोन्ही दुरुस्त्या वापरून झाल्या. शिक्क्याची सीडी मी दुकानातल्या टीव्हीवर लावली आणि बघते तर काय. खाली लिहिलेल्या फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसतच नव्हते. कॉम्प्युटरवर सगळं दिसायचं, पण टीव्ही चारी बाजूंनी थोडं खातो. त्यासाठी कडेला जागा सोडावी लागते. कोर्समध्ये शिकवलं होतं. मी विसरले.

काकाजी खुशीत आले. "चूक झाली न बेटा? जाऊ दे. असं करजो, नंबर नीट कर आणि त्याच्यासंगं बाईची साडी जांभळी करून दे. आता जांभळ्याचं चलन आहे. तुही चूक, माही साडी, फिट्टंफाट."

फिट्टंफाट! रविवार तीन दिवसांवर होता. घरी आल्यावर दादा म्हणाला, "करून दे वं, पैसे तं हाती पडू दे." मला मान खाली घालायची फार इच्छा झाली, खोटं कशाला बोलू. एका साडीसाठी काय भांडायचं? पण लग्नसराईतही एक साडीच होती, आणि तिच्यापासून अकरा झाल्या होत्या.

मी बिल लिहिलं. वीस सेकंदांचे तीन हजार. पेन्सिलचित्रांचे हजार. मग लिहिलं: "फोन नंबर कापला गेला, माझी चूक: काही नाही." त्याखाली: "साडी जांभळी, तिसरी दुरुस्ती, चार सेकंद: सहाशे."

दुसऱ्या दिवशी काकाजींनी ते दोनदा वाचलं. "आपली चूक कोणी बिलावर लिहिते काय वं?"

"मी लिहिते. नंबर मी कालच नीट केला. साडी तुमची हौस आहे. नको असली तं खोडा."

पेनाचं टोक त्यांनी सहाशेवर टेकवलं आणि उचललं. मग विचारलं, "जांभळी कधी देशील?"

"उद्या दुपारी."

त्यांनी खोडलं नाही. शनिवारी दुपारी जांभळी साडी पाहून गल्ल्यातून नोटा काढल्या, सहाशेसकट. मी त्यांच्यादेखत मोजल्या आणि बिनशिक्क्याची सीडी दिली. या वेळी "येते काकाजी" म्हणाले ते मान वर करून.

रविवारी पुलगावचा कॅफेवाला आला. त्यानं खोलीभर नजर फिरवली, मॉनिटरच्या मागे वाकून पाहिलं, मग खुर्ची ओढून बसला. "बोला, किती घेता याचे?"

दादानं तोंड उघडलं. बाबा म्हणाले, "तू चाय ठेव."

मी कागदांच्या गठ्ठ्यातला एक काढून पाहुण्याच्या हातात दिला. "कॅफेची जाहिरात करायची असंल तं दर वरच लिहून आहे, भाऊ. अर्धे आधी लागतात. कॉम्प्युटर विकाऊ नाही."