तीन टक्क्यांहून कमी जागा

न्यू टाउनमधल्या एका लिस्टेड कंपनीत मी कंपनी सेक्रेटरी होते. कंपनी दोन भावांची. थोरले अध्यक्ष, धाकटे संचालक. हुगळीकाठचा त्यांचा जुना कारखाना नव्या यंत्रांवाचून टिकणार नव्हता. बँका नाही म्हणाल्या होत्या. शेवटी एक परदेशी फंड नवे शेअर घ्यायला तयार झाला.

अडचण आमचीच होती. कंपनी कुणी गिळू नये म्हणून भावांनी पूर्वी परदेशी गुंतवणूकदार फंडांची एकूण मर्यादा चोवीस टक्क्यांवर आणून ठेवली होती.

"अजून भरपूर जागा आहे," थोरले म्हणाले. त्यांच्यासमोर शेअर बाजाराच्या साइटवरचा आमचा तिमाही तक्ता होता.

"सर, हा आकडा तिमाही संपली त्या दिवसाचा आहे. त्यानंतर परदेशी फंडांनी बाजारातून बरेच शेअर घेतलेत."

मी शेअरची खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीची साइट उघडली. मर्यादेला तीन टक्के किंवा त्याहून कमी उरले की कंपनीचं नाव तिथल्या लाल यादीत येतं. आमचं आलं होतं. उरलेल्या जागेत फंडाचा हिस्सा मावणं शक्यच नव्हतं.

थोरल्यांनी तक्ता बाजूला सारला. मग म्हणाले, "मर्यादा वाढवू. काय करावं लागेल?"

"बोर्डाचा ठराव, मग भागधारकांचा विशेष ठराव. पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश बाजूने हवीत."

धाकट्यांच्या कुटुंबाकडे कंपनीचे पंचवीस टक्क्यांहून जास्त शेअर होते; ते विरोधात गेले तर ठराव पडणारच होता. बोर्डात त्यांनी विरोध केला नाही, त्यामुळे आम्ही आशा धरली. मतदान सुरू झाल्यावर मात्र त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, मर्यादा एकदा वाढवली की पुन्हा खाली आणता येते?"

"नाही, सर. खाली आणायची मुभा तेव्हा एकदाच होती."

"मग मी विरोधात मत देणार. कारखाना गेला तर कारखाना जाईल. कंपनी तरी घरात राहील."

तिथली माणसं कुठे जातील, असं मी विचारलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही, रागावलेही नाहीत. "मलाही झोप नाही," एवढंच म्हणाले. ते ऐकून माझा राग निघून गेला.

ठराव पडला. फंडाने नम्र शब्दांत माघार घेतली. काही महिन्यांनी कारखाना बंद करण्याचा निर्णय शेअर बाजाराला मीच कळवला. मसुदा तिसऱ्यांदा वाचताना मला जाणवलं, त्यात एकही वाक्य चुकीचं नाही.

त्या संध्याकाळी बालीगंजच्या आमच्या घरी लेकीने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "आई, तुझा ऑफिस बंद झाला?"

"माझं नाही," मी म्हणाले. मग खोलीत जाऊन आडवी झाले. त्या रात्री जेवण तिच्या बाबांनीच वाढलं.