ताटातल्या तांदळात तिचंच नाव

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मला धास्ती होती ती तांदळाच्या ताटाची. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझंही लिहिलं होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही एका दुपारी गेली.

त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही, सगळ्यांचीच जायची. चटका नंतर बसला. चौथीत शाळा सुटल्यावर मी शिवणाचा वर्ग करून सर्टिफिकेट मिळवलं होतं. लग्नानंतर ते घेऊन अंधेरीला कपड्यांच्या कारखान्यात गेले. तिथल्या माणसाने रेशनकार्ड बघितलं, सर्टिफिकेट बघितलं आणि विचारलं, "ही कोण?" ती मीच, एवढं सांगायला मला तोंड उघडता आलं नाही. लग्नाचा दाखला जोडता येतो, दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र करता येतं, हे माहीत नव्हतं. मशीन येत असून मी धागे कापायला बसले.

लेक औषधांच्या कंपनीत संशोधन करते. तिचे लेख परदेशातल्या मासिकांत छापून येतात. नाव बघून लोक तिचं काम शोधतात, असं ती म्हणते. तिच्या लॅबमधल्या मैत्रिणीने लग्नानंतर आडनाव बदललं, तर जुने लेख एका बाईचे आणि नवे दुसरीचे दिसायला लागले. मग तिने संशोधकांना मिळतो तो नंबर काढून दोन्ही नावांचं काम त्याला जोडलं.

"तू काय करणार?" मी विचारलं.

"आहे तेच ठेवणार. कायद्याने बदलावं लागत नाही, आई. पासपोर्टात नवऱ्याचं नाव वेगळं घालता येतं, आपलं न बदलता."

"आणि सासरच्यांनी हट्ट धरला तर?"

"बघू. पहिल्याच दिवशी भांडण नको गं."

त्या 'बघू'ने माझी झोप उडाली. मीही अशीच 'बघू' म्हणणारी.

मुलगा तमिळ, पण जन्म मुलुंडचा. बोलणी करायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. माझी मोठी नणंद बरोबर होती. कॉफी संपायच्या आत तिने विषय काढला. "आमच्यात नाव बदलतात. तुम्ही काय ठेवणार? आणि तुमचं आडनाव काय, ते कळू दे एकदा."

मुलाची आई हसायला लागली. ती मराठी चांगलं बोलते. "आडनाव नाहीच आमच्यात. मुलाच्या नावापुढे एक अक्षर असतं, ते त्याच्या वडिलांच्या नावाचं. शाळेने आडनाव मागितलं म्हणून वडिलांचं नावच तिथे घातलं."

"मग आमच्या पोरीने काय लावायचं?"

"लावलं तर सासऱ्याचं नाव लावेल. यांना हाक मारली की दोघं उठतील."

मुलाचे वडील पेपरमागून म्हणाले, "मी नाही उठणार. मला ऐकू कमी येतं."

नणंदही हसली, पण सोडलं नाही. "तरी पण रीत असते ना. वहिनी, तू बोल गं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेक बशीकडे बघत होती. मी चार माणसांत बोलत नाही. पण कारखान्यातला तो माणूस आठवला, आणि त्याच्यासमोर न फुटलेला आवाज आता फुटला.

"वन्सं, तिचं नाव तिच्या कामावर लिहिलंय. ते राहू दे."

एवढंच. मी कप खाली ठेवला. मुलाची आई म्हणाली, "राहणारच. बदललं तर आधार, पॅन, बँक, सगळीकडे लग्नाचा दाखला घेऊन फिरायचं. आणि डिग्री तर जुन्याच नावाची राहणार. मी केलंय ते सगळं. तिला कशाला?"

नणंद म्हणाली, "बरं बाई. पण तांदळाचं ताट मी आणणार. ते नाही सोडणार."

"आणा की," मुलगा म्हणाला, "मला मराठी लिहिता येतं."

लग्नात नणंदेने ताट आणलं. जावयाने अंगठी धरली आणि लेकीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, आमचं आडनाव, सगळं सावकाश लिहिलं. आडनावाला ताट पुरेना, तेव्हा नणंदेनेच तळव्याने तांदूळ सारून जागा करून दिली. "दाबून लिही रे, दिसू दे," म्हणाली.

मी मागे उभी होते. ते नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं आणि पंगतीचं बघायला गेले. त्या दिवशी मी पोटभर जेवले.